गळका नळ आणि कॅमेऱ्याचं काम

नळदुरुस्तीचे व्हिडिओ शोधायला गेलं की ढिगाने सापडतात. त्यातल्या बहुतेकांत एक हात येतो, पान्हा फिरतो, काहीतरी बाहेर निघतं, काहीतरी आत जातं आणि पाणी थांबतं. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. मग आपल्या बाथरूममध्ये पान्हा घेऊन उभं राहिलं की पहिल्याच पायरीवर गाडी अडते. व्हिडिओतला नळ आणि समोरचा नळ एकच आहे का, हेच कळत नाही. दुरुस्ती दाखवणाऱ्याने दुरुस्ती केली, पण ओळख पटवायची राहून गेली.

म्हणून अशा व्हिडिओची संहिता लिहायला बसणाऱ्याने पहिलं दृश्य हत्यारांचं घेऊ नये, पाण्याचं घ्यावं. पाणी नक्की कुठून येतंय? नळ गळतो तो साधारण तीन जागांवरून. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल, तर आतला वायसर किंवा तो जिथे बसतो ती पितळी कडा खराब आहे. नळ चालू केल्यावर मुठीखालच्या मानेतून पाणी झिरपत असेल, तर वायसरचा संबंध नाही. तिथली ग्लँड सैल झाली आहे किंवा आतलं रबरी कडं झिजलं आहे. आणि नळ भिंतीत जिथे बसवलाय तिथून ओल येत असेल, तर आट्यांवरची टेप गेली आहे. तीन जागा, तीन वेगळी कामं. या तिन्ही जागांचे जवळून घेतलेले शॉट एकामागोमाग, प्रत्येकी चार-पाच सेकंद स्थिर दाखवले, तर बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं की पुढचं बघायचं की दुसरा व्हिडिओ शोधायचा. शॉट घेण्याआधी नळ फडक्याने कोरडा करून घ्यावा, नाहीतर ओघळ कुठून सुरू झाला ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

दुसरी ओळख मुठीच्या फेऱ्यांची. पूर्ण उघडायला मूठ दोन-तीन वेळा गरगर फिरवावी लागत असेल, तर आत वायसर असलेला जुन्या पद्धतीचा स्पिंडल आहे. मूठ पाव किंवा अर्ध्या फेरीतच अडत असेल, तर आत बहुधा सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि तिथे वायसर बदलायचा प्रश्नच येत नाही. अख्खा स्पिंडल बदलावा लागतो. हे निवेदनात नुसतं सांगून भागत नाही. मुठीवर खडूने एक रेघ ओढायची, कॅमेरा वरून लावायचा आणि रेघ किती फिरते ते दाखवायचं. एवढं केलं की लांबलचक समजावणी वाचते.

आता उदाहरणापुरता एकच नळ धरू. हाउसिंग सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्चीवर टाकी, बाथरूममध्ये बादली भरायचा अर्ध्या इंची पितळी नळ, वर क्रोमचा मुलामा, मूठ तीन फेऱ्यांची. गळतं तोंडातून. आपल्याकडे सर्वांत जास्त वापर होतो तो याच नळाचा, आणि तो गळायला लागला की घरातला प्रत्येक जण मूठ आणखी जोरात आवळतो. रबर कडेवर दाबलं जाऊन त्याच्यात खाच पडते, मग आणखी जोर, मग आणखी खाच. आवळून थेंब थांबतो तोवर वायसर बदलायची वेळ येऊन गेलेली असते.

व्हिडिओत मी एक माप जरूर घालीन. नळाखाली स्वयंपाकघरातला मापाचा कप ठेवायचा आणि मोबाइलवर दहा मिनिटं लावायची. समजा १५० मिलिलीटर पाणी साचलं. म्हणजे तासाला ९०० मिलिलीटर आणि दिवसाला साडेएकवीस लिटरच्या वर, एक मोठी बादली. हा आकडा लोकांना हळहळायला लावण्यासाठी नाही. दुरुस्तीनंतर तोच कप तिथेच, तेवढाच वेळ ठेवायचा असतो. मग ‘गळती थांबली’ हे निवेदकाच्या शब्दावर सोडावं लागत नाही.

हत्यारांचा शॉट बहुतेक जण हौसेने घेतात: पांढऱ्या कापडावर सगळी हत्यारं रांगेत मांडून वरून एक फोटो. दिसायला छान, उपयोग थोडा. बघणाऱ्याला हत्याराचं नाव हवं असतं आणि ते कुठे लागतं हेही. म्हणून प्रत्येक हत्यार नळाच्या ज्या भागावर चालतं त्याच्याशेजारी धरून दाखवावं. स्क्रू पान्ह्याचा जबडा स्पिंडलच्या षटकोनी नटावर बसलेला. त्यात दोन शॉट हवेत: एक, जबडा सैल आहे आणि नटाच्या कोपऱ्यांवर घसरतोय, दुसरा, चाकी फिरवून जबडा नटाच्या सपाट बाजूंना नीट चिकटलाय. नटाचे कोपरे गोल होऊन बसण्याचं मुख्य कारण हा सैल जबडा, आणि ते फक्त जवळूनच दिसतं. पान्हा नसला की लोक पकड वापरतात. पकडीच्या दातांनी क्रोम सोलवटतं आणि नटही खराब होतो, म्हणून तसं करू नये हे इथेच सांगून टाकावं.

क्रोमचे शॉट घेणं कटकटीचं काम असतं. समोरून दिवा मारला की पडद्यावर नुसती पांढरी चमक दिसते. दिवा बाजूला ठेवून त्याच्यापुढे पांढरा पातळ कागद धरला की नटाच्या कडा उठून दिसतात. मोबाइल फार जवळ नेला तर फोकस सुटतो. थोडं मागे राहून चित्र मोठं करावं आणि फोकस एका जागी बांधून टाकावा. वायसरचा शॉट घेताना शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे मापाचा अंदाज येतो. आणि कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यावरून, त्याच्या नजरेतून लावावा. समोरून घेतला तर बघणाऱ्याला फिरवण्याची दिशा ओळखायला डोकं लढवावं लागतं, आणि सेल्फीच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटलं तर पंचाईतच. नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे चुकीचं कळलं तर माणूस तो सोडवण्याऐवजी जीव खाऊन आवळत बसेल.

सुरक्षेच्या सूचनांचं काय करायचं? नेहमीचा रिवाज म्हणजे सुरुवातीला लाल पाटी, त्यावर सात-आठ ओळी, आणि त्या वाचायच्या आत पाटी गायब. माझ्या मते सूचना ज्या कृतीची आहे तिच्या लगेच आधी यावी, आणि ती न पाळल्यास नेमकं काय होतं हे तिच्यातच असावं. ‘काळजी घ्या’ या वाक्याने कुणी काळजी घेत नाही. संहितेचा पाणी बंद करण्याचा भाग मी असा लिहीन:

दृश्य: बाथरूमच्या दारावरचा किंवा डक्टमधला कॉक. हात मूठ फिरवतो.
निवेदन: आधी गिझरचं बटण बंद करा. पाण्याची लाइन बंद असताना गिझर चालू राहिला आणि टाकीतलं पाणी कमी झालं, तर आतली कॉइल जळू शकते. आता या बाथरूमचा कॉक बंद करा. तो वर्षानुवर्षं फिरलेला नसेल तर अडकेल. पान्हा लावून जोर करू नका. कॉक तुटला तर नळाचं गळणं परवडलं असं म्हणायची वेळ येईल. त्याऐवजी सोसायटीच्या माणसाला सांगून गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या.

दृश्य: गळका नळ पूर्ण उघडलेला. धार बारीक होत होत थांबते. शॉट कापायचा नाही.
निवेदन: नळ पूर्ण उघडा आणि पाइपातलं पाणी जाऊ द्या. पाच मिनिटांनंतरही बारीक धार चालूच असेल, तर तुमचा कॉक पाणी पूर्ण धरत नाही. अशा वेळी नळ उघडू नका.

दृश्य: जमिनीवरच्या जाळीवर जुनं फडकं अंथरलं जातं.
निवेदन: जाळी झाका. मुठीचा स्क्रू नखाएवढा असतो आणि तो नेमका तिथेच जातो.

‘शॉट कापायचा नाही’ हे मी मुद्दाम लिहिलंय. धार थांबायला किती वेळ लागतो हे बघणाऱ्याला खऱ्या वेळेत दिसायला हवं. संपादन करताना तो भाग कंटाळवाणा वाटून कापला जातो, आणि मग बघणारा तीन सेकंद थांबून स्पिंडल उघडतो. नळाला गच्चीच्या टाकीऐवजी थेट नगरपालिकेचं पाणी येत असेल, तर एक ओळ वाढवावी लागेल: पाणी सुटायच्या वेळेच्या आसपास हे काम काढू नका. बंद केलेला कॉक थोडासा जरी पाझरत असेल, तरी पाण्याचा जोर आल्यावर ते समजतं आणि तेव्हा नळाचं डोकं तुमच्या हातात असतं.

यापुढचं काम खरं तर थोडं आहे. मुठीवरची छोटी रंगीत टोपी नखाने किंवा सपाट स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची, खालचा स्क्रू काढायचा, मूठ वर ओढायची. ती क्षाराने धरून बसली असेल तर फडक्यात कोमट व्हिनेगर घेऊन मुठीभोवती थोडा वेळ गुंडाळावं. हातोडी मारू नये. मूठ निघाली की तिच्याखालचं आवरण काढायचं, मग मोठा षटकोनी नट दिसतो. त्याच्यावर फडकं गुंडाळून पान्हा लावायचा. नळाचं अंग दुसऱ्या हाताने, हात पुरत नसेल तर दुसऱ्या पान्ह्याने, घट्ट धरून ठेवायचं. हा दुसरा हात किंवा पान्हा कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसलाच पाहिजे. तो नसेल तर सगळा पीळ भिंतीतल्या पाइपावर जातो, आणि जुना लोखंडी पाइप भिंतीच्या आत आट्यांपाशी तुटू शकतो. तसं झालं तर काही रुपयांच्या वायसरचं काम टाइल्स फोडण्यापर्यंत जातं. सगळ्या व्हिडिओत एकच सूचना ठेवायची झाली, तर मी हीच ठेवीन.

नट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने सुटतो. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या तळाशी एक छोटी पितळी चकती असते आणि तिच्यावर रबराचा वायसर. काही नळांत ही चकती स्पिंडलला अडकून येते, काहींत नळाच्या पोटातच राहते. दोन्ही शक्यता दाखवाव्यात. ‘माझ्या स्पिंडलला तर काहीच नाही’ असं म्हणून काम अर्धवट सोडणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची चकती आत पडलेली असते. टॉर्च मारून चिमट्याने ती काढायची.

आता व्हिडिओतला सर्वांत मोलाचा क्लोज-अप. जुना वायसर आणि नवा वायसर शेजारी शेजारी, बाजूने प्रकाश टाकून. जुन्यावर गोल खाच कोरलेली दिसेल, रबर कडक आणि चकाकतं झालेलं असेल. नखाने दाबून दाखवा: नवा दबतो, जुना दबत नाही. हे दहा सेकंद पाहिलं की नळ का गळत होता याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. माप तोंडी सांगत बसू नये. जुना वायसर चकतीसकट खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जावं आणि काउंटरवर ठेवावा: ‘काका, याच्या मापाचा द्या, गरम पाण्याच्या लाइनचा आहे.’ गरम पाण्याचं आवर्जून सांगायचं, कारण साधं रबर गरम पाण्याने लवकर खराब होतं. दुकान बंद असेल तर जुने प्लंबर एक युक्ती करतात: वायसर उलटा करून बसवतात. खाच नसलेली बाजू खाली येते आणि काही दिवस निभावतं. व्हिडिओत हे दाखवायला हरकत नाही, फक्त ही तात्पुरती सोय आहे असं स्पष्ट सांगावं.

वायसर बदलला की काम संपलं असं समजून पुष्कळ व्हिडिओ थेट जोडणीकडे वळतात. पण नळाच्या पोटात, जिथे वायसर येऊन बसतो, तिथे एक गोल पितळी कडा असते. तिच्यावर क्षार बसले असतील किंवा पाण्याने चीर पाडली असेल, तर कितीही नवे वायसर घाला, नळ गळणारच. टॉर्च तिरपी धरून कडेचा शॉट घ्यावा आणि कानकोरण्याच्या कापसाची काडी तिच्यावरून फिरवून दाखवावी. कापूस अडकला तर तिथे खाच आहे. क्षार असतील तर जुन्या दातघासण्याने आणि व्हिनेगरने निघतात. चीर असेल तर कडा घासून सपाट करायचं एक वेगळं हत्यार प्लंबरकडे असतं, पण एका नळासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. प्लंबरला बोलवावं किंवा नळ बदलावा. काही दिवसांतच नव्या वायसरवर एका बाजूला ओरखडा दिसला आणि पुन्हा थेंब सुरू झाला, तर ती खूण या चिरेची समजावी.

जोडताना एक गोष्ट सर्रास राहते. स्पिंडल परत बसवण्यापूर्वी तो ‘उघडलेल्या’ स्थितीत, म्हणजे दांडी वर घेतलेल्या स्थितीत फिरवून घ्यायचा. बंद स्थितीत बसवला तर नट पूर्ण बसायच्या आधीच वायसर कडेवर चिरडला जातो. निवेदनाची ओळ छोटी: ‘दांडी वर घ्या, मग नट लावा.’ नट आधी हाताने, आटे चुकले नाहीत ना ते बघत लावायचा. तो वाकडा धरला तर दुसऱ्या फेरीलाच जड जातो. जड गेला की उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी. हाताने बसला की पान्ह्याने पाव फेरी, फार तर थोडी जास्त. तिथे थांबायचं.

पाणी सोडताना कॉक एकदम उघडू नये. नळ थोडा चालू ठेवून कॉक हळूहळू उघडला की पाइपातली हवा फसफसत निघून जाते. मग नळ दोन बोटांनी बंद करायचा. हाताच्या तळव्याने नाही, दोन बोटांनी. नवा वायसर एवढ्यात पाणी धरतो, आणि घरातल्या सगळ्यांनी ही दोन बोटांची सवय लावली तर तो टिकतोही. आता मानेभोवती आणि नटाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा आणि तो कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. कोरडा असेल तर खाली कप ठेवून दहा मिनिटं. मानेपाशी कागद ओला झाला, तर ग्लँडचा छोटा नट अगदी किंचित आवळून बघावा. मूठ जड होईपर्यंत आवळला तर स्पिंडल लवकर खराब होईल.

निवेदनाबद्दल थोडं. बाथरूममध्ये बोललेलं सगळं घुमतं, म्हणून आवाज नंतर, कपाट किंवा गादी असलेल्या खोलीत वेगळा रेकॉर्ड करावा. मात्र चित्रीकरणातला थेंबाचा, पान्ह्याचा आणि पाण्याचा मूळ आवाज ठेवावा. पान्हा घसरतो त्याचा आवाजही शिकवतो. ‘आता आपण काय करणार आहोत तर’ ही लकब संहितेतून खोडून टाकावी. वाक्य कृतीच्या आधी संपलं पाहिजे, म्हणजे ऐकणारा हात मोकळा ठेवून बघू शकतो. बरेच जण मोबाइल बादलीवर टेकवून, ओल्या हातांनी, व्हिडिओ थांबवत थांबवत काम करतात. त्यांच्यासाठी प्रत्येक पायरीच्या शेवटी तीन सेकंदांचं स्थिर चित्र सोडावं. बादली पालथी करून तिच्यावर उभं राहू नये, हेही त्यांनाच सांगायचंय, कारण शॉवरच्या उंचीवरच्या कॉकला हात पोहोचत नाही तेव्हा घरात सर्वांत आधी बादलीच पालथी होते.

या पद्धतीने केलेला व्हिडिओ आठ-नऊ मिनिटांचा होईल. त्याला दोन मिनिटांत बसवायचा मोह टाळावा. आणि त्यात भिंतीतून येणारी ओल, सिरॅमिकचा नळ, गरम-थंडचा मिक्सर हे सगळं कोंबू नये. ती वेगळी कामं आहेत. सिरॅमिकच्या नळासाठी निदान एवढी एक ओळ असू द्यावी: स्पिंडल काढून दुकानात न्या आणि लांबी, आटे व वरचे दाते हे तिन्ही जुळवून नवा घ्या. भिंतीत लोखंडी पाइप असेल आणि नट दोन पान्ह्यांनीही हलत नसेल, तर तिथेच थांबून कॉक बंद ठेवा आणि प्लंबरला फोन करा.